कोथरूड ते रावेत: आपली गाडी पुढे, सामानाचा ट्रक मागे, कसं जमवायचं?

मीनल_कोथरूड
नमस्कार मंडळी, येत्या शनिवारी आम्ही कोथरूडहून रावेतला शिफ्ट होतोय. टू बीएचकेचं सामान आहे, पॅकर्सवाल्यांनी चौदा फुटी बंद बॉडीची आयशर सांगितलीय. त्यांचा सुपरवायझर म्हणाला की ड्रायव्हर नवीन आहे, त्याला तो भाग माहीत नाही, तर ताई तुमची गाडी पुढे ठेवा, तो मागोमाग येईल. तेव्हा हो म्हणून टाकलं पण आता विचार करतेय की एवढ्या ट्रॅफिकमध्ये हे जमतं का? नवरा गाडी चालवणार, मी शेजारी, मागे सासूबाई आणि जे सामान ट्रकमध्ये द्यायचं नाही ते.

रस्ता म्हणजे चांदणी चौकातून हायवेला लागायचं, बावधन, बालेवाडी, वाकड करत पुढे आणि पुनावळ्याच्या अंडरपासमधून उजवीकडे रावेतला. आम्ही फ्लॅट बघायला नेहमी असेच गेलोय.

नवीन सोसायटीत सामान आणायची वेळ सकाळी १० ते ५ एवढीच आहे, त्यात १ ते २ लिफ्ट देत नाहीत. फ्लॅट नवव्या मजल्यावर. गेटबाहेरचा रस्ता फार रुंद नाही आणि तिथे कायम टू-व्हीलर लावलेल्या असतात, त्यामुळे ट्रक नक्की कुठे उभा करायचा हेही कळत नाहीये. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

निखिल_०७
सोप्पं आहे हो, एवढं टेन्शन नका घेऊ. निघाल्यापासून पोहोचेपर्यंत गाडीचे चारही इंडिकेटर चालू ठेवा म्हणजे ट्रकवाल्याला गर्दीत तुमची गाडी लगेच ओळखू येते. आणि ड्रायव्हरला व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवा, चुकामूक झाली तरी तो मॅप बघत येईल. आम्ही वारज्याहून मोशीला असंच गेलो होतो, काही झालं नाही.

स्वाती_डी
निखिल, लोकेशनचं ठीक आहे पण चारही इंडिकेटर नको रे. ते चालू असले की डावा-उजवा इंडिकेटर दिलेला मागच्याला कळतच नाही, सगळंच लुकलुकत असतं. आणि मागच्या ट्रकला तुमच्याकडून नेमकं तेच हवं असतं ना, की ही गाडी आता कुठे वळणार आहे. शिवाय हायवेवर बाकीच्या लोकांना वाटतं गाडी बंद पडलीय, ते कट मारून मध्ये घुसतात आणि तुमच्यात न् ट्रकमध्ये आणखी दोन गाड्या येतात.

गाडी ओळखू यावी म्हणून मागच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात एखादा भडक रुमाल नाहीतर मोठा पिवळा कागद आतून चिकटवा. पांढऱ्या हॅचबॅक गाड्या हायवेवर शेकड्याने असतात, पिवळा कागद एकच असतो.

आप्पा_टेंपोवाले
मीनलताई, माझ्या स्वतःच्या गाड्या होत्या, आता मुलगा बघतो, त्यामुळे यातलं थोडं फार सांगू शकतो. पहिली गोष्ट म्हणजे कोथरूडपासून रावेतपर्यंत वीसेक किलोमीटर अख्खं पुढे-मागे जायची गरजच नाही. हायवेचा भाग ड्रायव्हर नवीन असला तरी त्याला येतो, सरळ रस्ता आहे. तो चुकतो कुठे, तर हायवे सोडताना आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये. म्हणून आमच्यात पद्धत अशी की एक भेटायची जागा ठरवायची, हायवे सोडायच्या अलीकडे, सर्व्हिस रोडला, जिथे ट्रक कुणाला अडथळा न करता उभा राहू शकतो. तिथपर्यंत दोघांनी आपापलं यायचं, सोबत राहिलात तर उत्तम, नाही राहिलात तर घाबरायचं नाही. तिथून पुढे मात्र चिकटून, सावकाश.

नाहीतर काय होतं, ट्रक सुटला म्हणून पुढची गाडी हायवेच्या कडेला थांबते, हे सगळ्यात वाईट. मागून भरधाव गाड्या येत असतात. किंवा ड्रायव्हर तुम्हाला गाठायच्या नादात सिग्नल तोडतो, नको तिथे ओव्हरटेक करतो. माल भरलेली आयशर रिकाम्यासारखी थांबत नाही. जागा ठरलेली असली की दोघांचा जीव शांत राहतो.

दुसरं म्हणजे पुनावळ्याचा अंडरपास. तुमच्या कारला तो सवयीचा आहे म्हणून ट्रकला तोच धरू नका. अरुंद आहे, दोन्ही बाजूंनी सर्व्हिस रोडची गाडी त्यात घुसत असते आणि वळताना मोठ्या गाडीला जागा पुरत नाही. समोरून दुसरा टेंपो आला की दोघेही अडकले, मग मागे घ्यायला जागा नाही. बंद बॉडीची चौदा फुटी जमिनीपासून दहा-साडेदहा फूट उंच भरते. कुठल्याही पुलाखालून न्यायच्या आधी ड्रायव्हरला गाडीची उंची विचारा आणि पुलावरची उंचीची पाटी स्वतः वाचून या. ड्रायव्हरने अंदाजे सांगितलं तर टेप लावायला सांगा.

मीनल_कोथरूड
आप्पा, खूप खूप आभार. अंडरपासचा विचारच डोक्यात आला नव्हता. मग रावेतला ट्रक कसा न्यायचा?

निखिल_०७
स्वातीताई, इंडिकेटरचं पटलं.
रस्त्याचं म्हणाल तर हायवेच नको. औंधवरून जा. विद्यापीठ, औंध, जगताप डेअरी, डांगे चौक आणि सरळ रावेत. मोठा रस्ता, एकही बोळ नाही, हायवेखालून जायची भानगड नाही.

आप्पा_टेंपोवाले
औंधचा रस्ता चांगलाय, खोटं नाही. पण सकाळच्या वेळी विद्यापीठ चौक पार करायचा म्हणजे किती वेळ लागेल ते सांगता येत नाही, आणि शहरातल्या काही रस्त्यांना ठरावीक वेळेत मालवाहू गाड्यांना बंदी असते. हे नियम बदलत राहतात, म्हणून मी इथे वेळ लिहीत नाही. पॅकर्सवाल्यांनाच विचारा की त्या दिवशी, त्या वेळेला, त्यांच्या गाडीला कुठून परवानगी आहे. दंड झाला तर कोणाच्या खिशातून जाणार हेही आधीच बोलून घ्या, नाहीतर उतरवताना ते बिलात चिकटवतात.

हायवेनेच जायचं तर भूमकर चौकाला सर्व्हिस रोड धरा, तिथून उजवीकडे डांगे चौक आणि डांगे चौकातून डावीकडे रावेत. डांगे चौकात डावी लेन आधीपासून धरून ठेवा, कुठल्याही पुलावर चढायचं नाही की खाली भुयारात उतरायचं नाही. भूमकरलाही हायवेखालूनच जावं लागतं आणि गर्दी असतेच, पण मोठ्या गाड्यांची तिथे वहिवाट जास्त आहे. तरी एकदा डोळ्याने बघून या.

आणि एक लक्षात ठेवा, भूमकर, ताथवडे, पुनावळे हे सगळे फाटे ट्रकवाला चुकला आणि तसाच सरळ गेला तर पुढे किवळ्याला एक्सप्रेसवे सुरू होतो. त्यावर चढला की परत फिरायला बराच लांब जावं लागतं. म्हणून त्याला एकच वाक्य पाठ करून द्या की वाकड गेलं की डावी लेन सोडायची नाही.

विवेक_एडिसन
इथे न्यू जर्सीत आम्ही भाड्याचा ट्रक स्वतःच चालवतो त्यामुळे हा प्रश्न येत नाही, बायको मागून कारने येते. तुम्ही पण ट्रक स्वतः का चालवत नाही? लायसन्स असेल तर पैसे वाचतील. मी घर बदललं तेव्हा एकच काळजी होती की ट्रक परत देताना डिझेल भरून द्यायचं.

स्वाती_डी
विवेक, त्यांना ट्रक चालवायचा नाहीये, ड्रायव्हर-हमालांसकट गाडी ठरवलीय. प्रश्न ट्रकला वाट दाखवायचा आहे.

विवेक_एडिसन
अच्छा, सॉरी, घाईत वाचलं. मग एक गोष्ट उपयोगी पडेल. बायको मागून यायची तेव्हा लेन बदलायची असेल तर आधी ती लेन बदलायची, मागची जागा अडवून धरायची आणि मग मी तिच्यापुढे शिरायचो. पुढच्याने आधी लेन बदलली की मागच्याला जागाच मिळत नाही.

आप्पा_टेंपोवाले
विवेकराव अगदी बरोबर बोललात. आमच्याकडे पण हेच. पुढची गाडी नुसता इंडिकेटर देऊन तशीच चालत राहते, मागचा ट्रक तो बघून आधी लेन घेतो, ट्रकच्या पुढे आपोआप जागा पडते, मग कार त्यात शिरते. ट्रकला कोणी जागा देत नाही पण ट्रक आला की लोक थांबतात. फक्त हे निघायच्या आधी ड्रायव्हरला सांगायला हवं, नाहीतर त्याला वाटेल तुम्ही इंडिकेटर देऊन विसरलात.

मीनल_कोथरूड
हे फारच कामाचं आहे. आणखी एक विचारते, सिग्नलला काय करायचं? आम्ही निघालो आणि ट्रक लाल दिव्याला अडकला तर?

आप्पा_टेंपोवाले
सिग्नल पिवळा व्हायची शक्यता दिसली की तुम्हीच थांबा, एक हिरवा वाया गेला तरी चालेल. हिरव्याच्या शेवटी तुम्ही निसटायचं आणि ट्रकने मागून धावायचं, यातूनच अपघात होतात. तरी सुटलात तर चौकात थांबायचं नाही, चौकापुढे तोंडावरही नाही, थोडं पुढे जाऊन डावीकडे जिथे रस्ता रुंद आहे तिथे थांबा, बसस्टॉप सोडून. तिथे थांबल्यावर मात्र चारही इंडिकेटर लावा, निखिल म्हणतो ते तेव्हा उपयोगाचं.

वळायच्या आधी इंडिकेटर नेहमीपेक्षा दुप्पट लांबून द्या. कारने वळायला दहा मीटर पुरतात, ट्रकला आधी बाहेरची बाजू धरून मग वळावं लागतं, कारण त्याचं मागचं चाक आतल्या बाजूने कापत येतं. तुम्ही कोपऱ्याला घासून डावीकडे वळलात आणि तो तुमच्या मागून तसाच वळला तर मागचं चाक फुटपाथवर चढणार किंवा कोपऱ्यावरच्या ॲक्टिव्हाला लागणार. शहरात वेग ३०-४० पुरे. आणि यू-टर्नचा रस्ता निवडूच नका. डिव्हायडरच्या फटीतून तुम्ही एका दमात फिराल, चौदा फुटी आडवी होऊन बसेल आणि दोन्हीकडचं ट्रॅफिक बंद.

शर्वरी_ठाणे
आमचा अनुभव मुलुंडच्या टोलनाक्याचा. ठाण्याहून भांडुपला गेलो. १४ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच एन्ट्री पॉइंटला कारचा टोल बंद झाला पण ट्रकला टोल आहेच. त्यामुळे आमची कार सरळ निघून गेली आणि ट्रक टोलच्या लेनला रांगेत राहिला. आम्ही नाक्यापुढे वाट बघत थांबलो तर पोलिसांनी हाकललं. तुमच्या रस्त्यावर टोल नाहीये बहुतेक, पण कोणी मुंबईत हा धागा वाचत असेल तर टोलच्या पुढची भेटायची जागा आधीच ठरवा.

आणि आमच्यात अजून एक गडबड झाली. कारमध्ये मागे छतापर्यंत गाद्या न् उशा भरल्या होत्या, आरशात काहीच दिसत नव्हतं. ज्या ट्रकला वाट दाखवायची तोच दिसत नाही! शेवटी नवरा बाहेरच्या आरशांवर भागवत होता आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते.

मीनल_कोथरूड
बाप रे, आम्ही पण गाद्यांचंच ठरवलं होतं. आता गाद्या ट्रकमध्ये. मागची काच रिकामी ठेवते.

स्वाती_डी
हो, आणि तू शेजारी बसणार आहेस तर तुझं काम ठरवून घे. नवऱ्याने पुढे बघायचं, तू दर थोड्या वेळाने मागे बघून "आहे, आहे" सांगायचं आणि फोन तुझ्याकडे. ट्रकमध्ये पण ड्रायव्हरला फोन करायचा नाही. सोबत क्लिनर किंवा एखादा हमाल केबिनमध्ये असतो, त्याचा नंबर घे. ड्रायव्हर एका हाताने फोन कानाला लावून एका हाताने स्टिअरिंग फिरवतोय हे आपण आपल्याच सामानासाठी कशाला ओढवून घ्यायचं? लाइव्ह लोकेशन पण क्लिनरच्याच फोनवर.

बाळासाहेब_पिं
माझं मत वेगळं. कार पुढे ठेवूच नका. घरातला एक माणूस ट्रकच्या केबिनमध्ये बसवा, तो वाट दाखवेल आणि सामानावर लक्षही राहील. आणि कार अर्धा तास आधी पुढे पाठवा, तिने जाऊन सोसायटीत जागा धरायची. आम्ही भोसरीहून चिखलीला असंच केलं. वाट दाखवायला अख्खी गाडी लागत नाही, एक तोंड लागतं.

आप्पा_टेंपोवाले
बाळासाहेब, जागा धरायचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण केबिनमध्ये बहुतेक वेळा ड्रायव्हर, क्लिनर आणि दोन हमाल असे आधीच कोंबलेले असतात, चौथा-पाचवा माणूस बसवायला पोलीस पण हरकत घेतात. सीट रिकामी असेल तर जरूर बसवा. मीनलताईंकडे माणसंच तीन, त्यात सासूबाईंना केबिनमध्ये चढवणार का?

बाळासाहेब_पिं
ते आहे. पण नवरा केबिनमध्ये आणि ताई कार चालवतील असं पण होऊ शकतं ना.

मीनल_कोथरूड
मी चालवते पण हायवेवर नाही चालवत, त्यामुळे तो पर्याय बाद. जागा धरायचं मात्र नक्की काहीतरी करायला हवं. कसं करतात?

आप्पा_टेंपोवाले
हाच खरा प्रश्न आहे, बाकी रस्त्याचं होऊन जातं. ट्रक पोहोचल्यावर जागा शोधत बसला तर तिथे तास जातो आणि सोसायटीचा लिफ्टचा वेळ संपतो.

आधी सेक्रेटरी किंवा मॅनेजरला विचारा की ट्रक आत येतो का. नुसतं "येतो" ऐकून थांबू नका. फायर ब्रिगेडची गाडी आत ज्या रस्त्याने येते तो रस्ता दाखवा म्हणायचं, तो वजनासाठी केलेला असतो. पोडियमच्या स्लॅबवर किंवा जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीवर भरलेला ट्रक चढवायचा नाही, झाकणं पिचतात. बेसमेंट आणि स्टिल्ट पार्किंगची उंची कारच्या हिशोबाची, तिथे बंद बॉडी जातच नाही. गेटवर कमान असेल, उंची अडवणारा लोखंडी पाइप असेल, झाडाची फांदी किंवा केबलची वायर खाली आली असेल, हे सगळं आदल्या दिवशी मान वर करून बघा.

ट्रक बाहेर उभा राहणार असेल तर जागा ट्रकच्या लांबीएवढी धरून चालत नाही. गाडी वीस फूट, वर मागे फाळका उघडणार, फळी लावणार, हमाल कपाट घेऊन उतरणार, त्याला आणखी आठ-दहा फूट. म्हणजे दोन कार लागोपाठ उभ्या राहतील एवढी जागा. ट्रकचं मागचं तोंड लिफ्टच्या बाजूला आलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक नग ट्रकला वळसा घालून जातो. आणि गेट ते लिफ्ट अंतर पावलांनी मोजून सुपरवायझरला कळवा. लांब पडलं तर ते जास्त पैसे मागतात, ते आदल्या दिवशी ठरलेलं बरं, सामान अर्धं रस्त्यावर असताना नाही.

राहुल_सेक्रेटरी
मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे (रावेत नाही, वाकड). आमच्या बाजूने सांगतो. शनिवारी सकाळी लोक गेटवर ट्रक घेऊन उभे राहतात आणि मूव्ह-इन फॉर्म भरलेलाच नसतो, मग वॉचमन आत सोडत नाही आणि मागे रस्ता जाम. ट्रकचा नंबर गेटच्या ॲपवर आधी टाकायचा असतो, पण पॅकर्सवाले आदल्या दिवशी एक नंबर देतात आणि सकाळी दुसरीच गाडी येते. म्हणून ट्रक भरायला आला की नंबर प्लेटचा फोटो काढा आणि तेव्हाच टाका. लिफ्टला आतून पॅडिंग लावायला अर्धा तास लागतो, ते आमचा माणूस लावतो, तुम्ही निघालात की त्याला फोन करा.

आणि कृपा करून रस्त्यावर खुर्च्या, बादल्या ठेवून जागा अडवू नका. सार्वजनिक रस्ता आहे, शेजारच्या सोसायटीवाले आमच्याशी भांडतात.

बाळासाहेब_पिं
मग ट्रक उभा कुठे करायचा साहेब? आत घेत नाही, बाहेर जागा धरू देत नाही.

राहुल_सेक्रेटरी
आत येऊ शकत असेल तर घेतोच. बाहेर उभा करायचा तर कोणाचं गेट किंवा डीपी अडवून नको, एवढंच म्हणणं आहे.

स्वाती_डी
कुणी ओळखीचं आधी जाऊन तिथे स्वतःची कार लावून ठेवली तर ते अडवणं होत नाही, नुसतं पार्किंगच आहे. ट्रक आला की कार काढायची आणि ट्रक शिरतो. आम्ही माझ्या भावाला सांगितलं होतं, तो कार रस्त्याला समांतर पण पुढे-मागे मोकळी जागा राहील अशी लावून बसला होता.

राहुल_सेक्रेटरी
कारमध्ये माणूस बसलेला असेल तर आमची काही हरकत नाही. रिकामी कार दोन जागांत तिरकी लावून लोक निघून जातात, त्याला हरकत आहे.

मीनल_कोथरूड
माझा दीर वाल्हेकरवाडीला राहतो, त्याला सांगते गाडी घेऊन यायला. आजच जाऊन बघून येतो सगळं.

*

मीनल_कोथरूड (रविवार)
झालं एकदाचं, सामान घरात आहे! सगळ्यांनी एवढं लिहिलं म्हणून सविस्तर सांगते, पुढे कोणाला लागेल.

शुक्रवारी संध्याकाळी जाऊन बघितलं. पुनावळ्याचा अंडरपास ट्रकवाल्याच्या नजरेने बघितल्यावर तो पर्याय आम्ही लगेच सोडला. भूमकर चौकात थांबून बघितलं तर मोठे टेंपो, बस जात होत्या, उंचीची पाटी वाचली आणि सुपरवायझरकडून गाडीची उंची मागवली, त्यात व्यवस्थित बसत होतं. सर्व्हिस रोडला एक हॉटेल आहे त्याच्यापुढे मोठी मोकळी जागा, मालकाला विचारलं तर म्हणाला दहा मिनिटं थांबा, हरकत नाही.

सोसायटीत मॅनेजरने आधी म्हटलं ट्रक आत येईल. पण फायर ब्रिगेडचा रस्ता विचारल्यावर तो म्हणाला की तो मागच्या गेटने आहे आणि ते गेट एरवी कुलूप लावलेलं असतं. म्हणजे आप्पांनी सांगितलं नसतं तर आम्ही पुढच्या गेटवरच अडकलो असतो, कारण तिथून आत शिरलं की लगेच पोडियमचा चढ आहे. मागच्या गेटची किल्ली शनिवारी वॉचमनकडे ठेवायची असं ठरलं. पण मॅपवरची सोसायटीची पिन पुढच्या गेटवरच आहे, म्हणून मागच्या गेटसमोर उभं राहून तिथली पिन काढली आणि क्लिनरला तीच पाठवली.

शनिवारी भरून व्हायला साडेनऊ झाले. नंबर प्लेटचा फोटो काढला, आणि खरंच, नंबर वेगळाच होता! लगेच ॲपवर बदलला. ड्रायव्हर आणि क्लिनर दोघांना समोर उभं करून सांगितलं की भेटायची जागा कुठली, वाकडनंतर डावी लेन, आणि आम्ही इंडिकेटर दिला की आधी तुम्ही लेन घ्या. ड्रायव्हर तरुण मुलगा होता, त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. लेन बदलायचं त्याला इतकं पटलं की तो आमच्या इंडिकेटरची वाटच बघत होता.

चांदणी चौकात सुटलोच. तिथे इतके रॅम्प आहेत की आम्ही मुंबईच्या रॅम्पला लागलो आणि तो बावधनच्या बाजूला खाली उतरला. पूर्वी असतं तर मी घाबरून गाडी थांबवायला लावली असती. आम्ही तसेच पुढे गेलो, हॉटेलपाशी थांबलो, पंधराएक मिनिटांनी तो आला. मधे क्लिनरचा एक फोन आला तेवढाच.

तिथून पुढे सावकाश, डांगे चौकात डावी लेन, एकही वळण चुकलं नाही. मागच्या गेटच्या आधी एक काटकोनात वळण आहे, तिथे नवरा बाहेरून फिरून गेला आणि ट्रकपण तसाच आला. गेटपाशी दीर कार घेऊन उभा होता, त्याने कार काढली, ट्रक रिव्हर्समध्ये आत. क्लिनर मागे उभा राहून सांगत होता, दीर टू-व्हीलरवाल्यांना थांबवत होता. फाळका थेट लिफ्टच्या लॉबीकडे.

एकच वाद झाला. मागचं गेट उघडलं म्हणून तळमजल्यावरचे एक काका चिडले, की इथे आमची मुलं खेळतात, ट्रक आत का घेतला. मॅनेजरने परवानगी दिलीय सांगितलं तरी ते ऐकेनात. १ वाजता लिफ्ट बंद झाली तेव्हा कपाट आणि फ्रिज खालीच राहिले होते आणि ते लॉबीत ठेवले यावरूनही बोलले. मला त्यांचं पण चुकीचं वाटत नाही, मुलं असतात तिथे. पण मग ट्रक न्यायचा कुठून?

राहुल_सेक्रेटरी
हा प्रश्न आमच्या मीटिंगलाही दरवेळी येतो. आम्ही त्या दिवशी सकाळी ग्रुपवर मेसेज टाकतो की अमुक वेळेत अमुक गेटने ट्रक येणार, मुलांना त्या बाजूला सोडू नका, आणि ट्रक हलत असताना वॉचमन तिथे उभा. तरी काही लोक नाराज होतातच.

बाळासाहेब_पिं
अभिनंदन ताई. पण बघा, चांदणी चौकात सुटलातच ना? केबिनमध्ये घरचा माणूस असता तर सुटला नसता. मी अजूनही माझ्याच मतावर आहे.

आप्पा_टेंपोवाले
बाळासाहेब, माणूस असता तर पंधरा मिनिटं वाचली असती, मान्य. पण सुटूनही पोहोचला ना, जागा ठरलेली होती म्हणून.

मीनलताई, पुढच्यांसाठी एक भर घालतो. लिफ्ट १ ते २ बंद आहे हे माहीत असेल तर जड नग सकाळी ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी भरायला सांगा. जे शेवटी भरतं ते आधी उतरतं, मग कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन बारा-साडेबारापर्यंत वर गेलेले असतात आणि खोकी दुपारून चालतात. फक्त हमाल कुरकुर करतात कारण जड सामान केबिनच्या बाजूला आत ठेवलं की गाडीला बरं पडतं. वीसेक किलोमीटरला, सावकाश आणि दोरीने नीट बांधून, मी तरी जड नग दाराकडे चालवून घेतो. लांबच्या गावाला नाही.

शर्वरी_ठाणे
आप्पा, फ्रिज दाराकडे ठेवला तर ब्रेक मारल्यावर पुढे सरकणार नाही का?

आप्पा_टेंपोवाले
मधे मोकळी जागा ठेवली तर सरकेल. खोकी आणि गाद्या त्याच्या पुढे घट्ट भरलेल्या हव्यात, फ्रिज उभाच हवा, आणि बाजूच्या कड्यांना पट्ट्याने बांधलेला. पट्टा नसेल तर फ्रिज आत केबिनच्या बाजूलाच राहू दे, दुपारी २ नंतर चढवा.